चेहरा एकाचा, धड दुसऱ्याचं : फेस स्वॅपची ऑर्डर घेण्यापूर्वी

होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी असा प्राणी असतोच, की ज्याला फोटोशॉप 'येतं'. गॅदरिंग जवळ आलं की त्याच्या रूमसमोर रांग लागते. कुणाला बॅनर हवा असतो, कुणाला फिशपाँडसाठी मित्राचं डोकं हिरोच्या धडावर बसवून हवं असतं. मोबदला म्हणून दोन वडापाव आणि चहा. गेटबाहेरच्या फोटो स्टुडिओत मात्र हाच रीतसर धंदा आहे. एके काळी स्टुडिओवाला फार तर पासपोर्ट फोटोला कोट-टाय चढवून द्यायचा, किंवा ग्रुप फोटोत ज्याचे डोळे मिटलेत त्याचा चेहरा दुसऱ्या फ्रेममधून उचलून लावायचा. आता गिऱ्हाईक थेट मोबाईल पुढे करून म्हणतं, "दादा, यातला चेहरा त्या फोटोवर बसवून द्या."

हे काम आता फारच सोपं झालं आहे. हाताने करायचं म्हटलं तर चेहरा कापायचा, लहान-मोठा करायचा, मानेशी कोन जुळवायचा, कातडीचा रंग मिळवायचा आणि शेवटी हनुवटीखालचा जोड मिटवायचा. नीट काम करायला दोन-तीन तास सहज जातात. आजची सॉफ्टवेअर्स तेच काही सेकंदात करतात. यात एक गोष्ट हातातून निसटली. दोन-तीन तास लागायचे तेव्हा काम करता करता 'हा फोटो याला कशाला हवाय?' असा विचार मनात यायला अवधी मिळायचा. आता तो अवधी उरलेला नाही. थांबून विचार करायची जागा एकच उरली आहे, ती म्हणजे काउंटर.

कॉम्प्युटरच्या दृष्टीने सगळ्या ऑर्डरी सारख्याच. वारलेल्या आजोबांना नातवाच्या बारशात बसवायचं असो, की परीक्षेच्या फॉर्मवर दुसऱ्याचा चेहरा चिकटवायचा असो, माऊस तेवढाच फिरतो. फाईलकडे पाहून चांगली ऑर्डर कोणती आणि वाईट कोणती ते कळत नाही. ते कळतं गिऱ्हाईकाच्या उत्तरांवरून. म्हणून चेहरा कसा बसवायचा ते इथे सांगत नाही. बसवण्यापूर्वी काय विचारायचं आणि कधी सरळ नाही म्हणायचं, तेवढंच सांगतो. स्टुडिओ चालवणाऱ्याला हे लागू आहेच, पण रूमवर बसून साईड बिझनेस करणाऱ्यालाही तितकंच लागू आहे.

एका फोटोत तीन माणसं

फेस स्वॅप म्हटलं की आपण फक्त चेहऱ्याचा विचार करतो. पण या कामात तीन माणसं गुंतलेली असतात. एक, ज्याचा चेहरा आहे तो. दोन, ज्याचं धड आहे तो. आणि तीन, जो हा फोटो बघणार आहे तो. काउंटरवर उभा असलेला माणूस यांच्यापैकी कुणीही असू शकतो, किंवा तिघांपैकी कुणीच नसू शकतो.

दुसऱ्या माणसाला सगळेच विसरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा बसवलेला एक व्हिडिओ देशभर फिरला आणि त्यावर मोठी चर्चा झाली. पण त्या व्हिडिओत लिफ्टमध्ये शिरणारी प्रत्यक्षातली मुलगी वेगळीच होती. तिने स्वतःचा म्हणून टाकलेला व्हिडिओ कुणीतरी उचलला, तिचा चेहरा पुसला आणि तिचं शरीर दुसरीच्या नावावर खपवलं. म्हणजे एका कामात दोघींवर अन्याय झाला. म्हणून फॉर्मवर 'चेहरा कुणाचा' आणि 'धड कुणाचं' हे दोन वेगळे रकाने हवेत.

तिसरा माणूस म्हणजे बघणारा. फोटो जोडलेला आहे हे त्याला माहीत असणार की नाही, यावर अर्धा निकाल लागतो. फिशपाँडच्या पडद्यावर कुस्तीगिराच्या धडावर सेक्रेटरीचं डोकं दिसलं, तर हॉलमधल्या प्रत्येकाला ती गंमत आहे हे कळतं. तोच फोटो एखाद्या ऑफिसात पुरावा म्हणून गेला, तर समोरच्या साहेबाला तो खरा वाटावा हाच त्यामागचा हेतू असतो.

पहिला प्रश्न : फोटो जाणार कुठे?

हा प्रश्न दर सांगण्याआधी, पेन ड्राईव्ह हातात घेण्याआधी आणि व्हॉट्सअॅपवर फोटो मागवण्याआधी विचारायचा. फाईल एकदा आपल्या मशीनवर आली आणि अॅडव्हान्स गल्ल्यात पडला, की नाही म्हणणं फार जड जातं.

पण नुसतं "कशासाठी हवाय?" असं विचारून उपयोग नाही. त्याला ठरलेलं उत्तर आहे, "असंच, घरी लावायला." त्याऐवजी साधे, कामाचेच वाटणारे चार प्रश्न विचारावेत. साईज कोणती? प्रती किती? प्रिंट हवी की सॉफ्ट कॉपी? बॅकग्राऊंड कोणतं? या उत्तरांवर कुणी सहसा वाद घालत नाही, कारण स्टुडिओला ती लागतातच. आणि मग ही चारही उत्तरं 'घरी लावायला'शी जुळतात का ते पाहायचं.

घरी लावायचा फोटो साधारणपणे आठ बाय बारा किंवा बारा बाय अठरा इंचाचा असतो, प्रती एक-दोन, आणि मागे घर, हॉल किंवा देऊळ काहीतरी असतं. आता गिऱ्हाईक म्हणालं 'घरीच लावायचाय', आणि साईज सांगितली ३५ बाय ४५ मिलिमीटर, प्रती आठ, बॅकग्राऊंड पांढरं, तर हा फोटो भिंतीवर नाही, फॉर्मवर जाणार आहे. कुणी म्हणालं 'फक्त आठवण म्हणून', पण फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ मात्र तशीच राहायला हवी, तर ती आठवण कुणाला तरी सिद्ध करून दाखवायची आहे. कुणी 'मित्राची गंमत' म्हणालं, पण जोड अजिबात दिसता कामा नये यावर हटून बसलं, तर गंमत ज्याची करायची त्याला ती कळू नये असा बेत आहे. गमतीच्या फोटोत जोड थोडा दिसला तरी कुणाचं काही बिघडत नाही, उलट हशा वाढतो.

थोडक्यात, गिऱ्हाईकाचं मन वाचायची गरज नाही. व्हायवाला एक्स्टर्नल जसं एकच गोष्ट दोन बाजूंनी विचारून पाहतात, तसंच हे आहे. उत्तरं एकमेकांशी जुळली तर पुढे जायचं. नाही जुळली तर पुन्हा विचारायचं, आणि तरीही नाही जुळली तर काम घ्यायचं नाही.

दुसरा प्रश्न : चेहरा आणि धड कुणाचं, आणि त्यांना माहीत आहे का?

इथे चार शक्यता असतात.

माणूस समोर हजर असेल आणि सज्ञान असेल, तर काम सोपं आहे. त्यानेच फॉर्मवर सही करायची. सहीसोबत वापरही लिहून घ्यायचा. 'माझा चेहरा वापरायला हरकत नाही' एवढंच पुरत नाही. 'गॅदरिंगच्या बॅनरसाठी, एक बॅनर' असं लिहिलेलं हवं. बॅनरसाठी दिलेली परवानगी जाहिरातीला चालत नाही.

माणूस हयात आहे पण हजर नाही, ही सर्वांत फसवी शक्यता. होस्टेलवरची नेहमीची ऑर्डर घ्या : "वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस आहे, तिचा चेहरा या हिरॉईनच्या फोटोवर बसवून द्या, सरप्राईज आहे." मुलाच्या मनात काही वाईट असेलच असं नाही. पण त्याच्याकडे असलेला तिचा फोटो ग्रुपवरून उचललेला आहे, तिला याची कल्पना नाही, आणि हा फोटो पुढे किती मोबाईलमध्ये जाईल ते त्याच्याही हातात नाही. इथे उत्तर 'तिला घेऊन ये किंवा तिलाच फोन लावून दे' एवढंच. सरप्राईज बुडालं तरी चालेल. किंवा त्याला म्हणावं, "तुझाच चेहरा हिरोवर बसवून देतो, ते कार्ड तिला दे." ज्याला खरोखर हसवायचं असतं तो हे आनंदाने मान्य करतो. हाच नियम फिशपाँडसाठी सरांचा चेहरा आणणाऱ्यांना. सरांना आधी विचारा. बहुतेक सर हसून हो म्हणतात, आणि जे नाही म्हणतात त्यांचा फोटो लावून तुम्हाला टर्म ग्रँट व्हायची आहे का, याचाही विचार करा.

नटनट्या आणि पुढारी याच खात्यात येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांचं नाव, आवाज आणि चेहरा परवानगीशिवाय व्यापारी कामासाठी वापरायला मनाई केली. तेव्हा 'दुकानाच्या बोर्डावर हिरोच्या हातात आमचं प्रॉडक्ट दाखवा' ही ऑर्डर घेऊ नये. फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो वर गोलात आणि कार्यकर्त्याचा खाली, यात कुणाची फसगत नाही. ते दोन वेगळे फोटो आहेत हे शेंबडं पोरही ओळखतं. पण साहेबांशी हात मिळवणाऱ्या दुसऱ्याच माणसाच्या धडावर आपला चेहरा लावून मागितला, तर न झालेली भेट झाली असं दाखवायचं आहे. ते करू नये.

तिसरी शक्यता अठरा वर्षांखालच्या मुलांची. आई किंवा वडील स्वतः हजर हवेत, आणि काम घरगुती असायला हवं. मामा, शेजारी, क्लासवाले यांच्या सांगण्यावरून मुलांचे चेहरे हलवायचे नाहीत.

चौथी शक्यता वारलेल्या माणसाची. स्टुडिओत येणाऱ्या कामांपैकी हे सर्वांत मायेचं काम, आणि तितकंच नाजूक. ते एका उदाहरणाने नीट पाहू.

एक ऑर्डर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, एक ताई येतात. २०२४ मध्ये त्यांच्या भावाचं लग्न झालं. वडील २०१९ मध्येच गेले. रिसेप्शनच्या फॅमिली फोटोत आईच्या शेजारी वडील बसलेले दाखवायचे आहेत. बारा बाय अठराची एक फ्रेम आणि अल्बमसाठी एक चार बाय सहाची प्रत. आईला वाढदिवसाला द्यायची आहे.

पहिला प्रश्न इथेच सुटला. साईज, प्रती, फ्रेम सगळं घरातल्या भिंतीशी जुळतं. बघणाऱ्या प्रत्येकाला वडील गेलेत हे माहीत आहे, म्हणजे फसगत कुणाचीच नाही.

आता चेहरा. ताईंनी वडिलांचा १९९४ सालचा पासपोर्ट साईज फोटो आणला आहे, आणि मोबाईलवर त्यांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमाचा व्हॉट्सअॅपवरून आलेला ग्रुप फोटो आहे. इथे थोडं गणित करावं लागतं. बारा बाय अठराच्या आडव्या प्रिंटमध्ये सात-आठ माणसं असली, तर एक चेहरा साधारण एक इंच उंच येतो. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे मूळ चेहरा निदान ३०० पिक्सेल उंच हवा. व्हॉट्सअॅपचा फोटो १६०० पिक्सेल रुंद, त्यात वीस माणसं पूर्ण उंचीची. मोजलं तर वडिलांचा चेहरा जेमतेम ६० पिक्सेल भरला. तो पाचपट ताणला तर धुरकट ठिपका दिसेल. पासपोर्ट फोटोत चेहरा सुमारे ३० मिलिमीटर उंच आहे. तो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर सुमारे ७०० पिक्सेल मिळतात. म्हणजे पिक्सेलच्या हिशेबाने हा फोटो पास.

पण इथेच फक्त पिक्सेल मोजणारा इंजिनीअर आणि अनुभवी स्टुडिओवाला यांच्यातला फरक कळतो. १९९४ चे वडील पस्तिशीतले आहेत. साठीच्या आईशेजारी ते बसवले तर आईचा मुलगाच वाटतील. फ्रेम पाहून आईला आनंद होण्याऐवजी पोटात गोळा यायचा. म्हणून ताईंना सांगायचं, "घरी जुने अल्बम असतील, त्यात शेवटच्या आठ-दहा वर्षांतला छापलेला फोटो शोधा. वडील समोर बघत असलेला, आणि जवळून काढलेला." समजा, त्यांना २०१२ ची एक चार बाय सहाची प्रिंट सापडली, तिघांचा अर्धा फोटो, चेहरा १८ मिलिमीटर. ६०० डीपीआयला ४२५ पिक्सेल. हा फोटो चालेल, आणि वयही जुळेल.

मग काही सेकंदात काम करणारं सॉफ्टवेअर का वापरायचं नाही? त्याचंही कारण आहे. ही सॉफ्टवेअर्स मूळ चेहरा उचलून चिकटवत नाहीत. एका फोटोतून ती 'हा कोण' याचा आकड्यांचा सारांश काढतात, दुसऱ्या फोटोतून मानेचा कोन, उजेड आणि हावभाव घेतात, आणि त्यावरून एक नवा चेहरा बनवतात. फुकट मिळणाऱ्या एका बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या मॉडेलमधून हा चेहरा फक्त १२८ बाय १२८ पिक्सेलचा बाहेर येतो. आपल्याला लागतात ३००. मधली तूट दुसरं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, आणि अंदाज भरताना ते सुरकुत्या गुळगुळीत करतं, गालावरचा तीळ गायब करतं. तिऱ्हाइताला फोटो छान वाटतो, पण घरची माणसं म्हणतात, "बाबांसारखे दिसतात, पण बाबा नाहीत." म्हणून वारलेल्या माणसासाठी मूळ फोटोतला खरा चेहराच हाताने बसवावा. आणि गिऱ्हाईकाचे चेहरे कुठल्याशा फुकट वेबसाईटवर चढवू तर नयेतच. ते तिथे किती दिवस राहतात आणि कोण बघतं, हे आपण गिऱ्हाईकाला सांगू शकत नाही.

आता धड. ताई म्हणतात, "त्या फोटोत उजवीकडे काका बसलेत, त्यांच्या अंगावर लावा." मग काका कुठे जाणार? लग्नाच्या फोटोतून जिवंत काकांना पुसून टाकायचं आणि ते भिंतीवर कायमचं लावायचं, यावर काकांचं म्हणणं वेगळं असू शकतं. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे काकांनाच स्टुडिओत बोलवायचं. त्यांना सूट घालून खुर्चीवर बसवायचं, रिसेप्शनच्या फोटोत उजेड ज्या बाजूने आहे त्याच बाजूने लाईट लावायचा, आणि कॅमेरा तेवढ्याच उंचीवर ठेवून एक फोटो काढायचा. भावाभावांची अंगकाठी मिळतीजुळती असल्याने मानही बरी जुळते. मूळ काका आपल्या जागी राहतात, त्यांचं धड भावासाठी उसनं घेतलं जातं, आणि 'धड कुणाचं' या रकान्यात त्यांची सही पडते.

शेवटचा प्रश्न आईचा. फोटो रोज त्यांच्यासमोर असणार, आणि त्यांना काहीच माहीत नाही. कुणाला अशी फ्रेम हवीहवीशी वाटते, कुणाला ती पाहवत नाही. ताईंना सांगावं, की आधी चार बाय सहाची एक प्रत काढू, ती मावशीला किंवा आईच्या जवळच्या कुणाला तरी दाखवा. त्यांनी हो म्हटल्यावर मोठी प्रिंट काढू.

फोटो तयार झाला की प्रिंटच्या मागे शिक्का मारायचा : 'वडिलांचे छायाचित्र नंतर जोडले आहे', शेजारी रजिस्टर नंबर. सॉफ्ट कॉपी दिली तर तिच्याही खालच्या पट्टीत हीच ओळ बारीक अक्षरात घालायची. ताईंना हे खटकेल, पण कारण सांगितलं की पटतं. हा फोटो २०१९ मध्ये वारलेला माणूस २०२४ मध्ये बसलेला दाखवतो. उद्या घरात जमिनीचा किंवा पेन्शनचा वाद निघाला आणि कुणीतरी हाच फोटो पुढे केला, तर? मायेने केलेलं काम, वापर बदलला की खोटा पुरावा होतं. खालची ती बारीक ओळ ते थांबवते.

जिथे सरळ नाही म्हणायचं

काही ऑर्डरी प्रश्न विचारून सुटत नाहीत. तिथे परवानगी आणली तरी उत्तर नाहीच.

पहिली, ओळख पटवण्यासाठी जाणारा कोणताही फोटो : पासपोर्ट, आधार, लायसन्स, हॉल तिकीट, नोकरीचा फॉर्म. इथे चेहऱ्याला हातच लावायचा नाही. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की दोन माणसांचे चेहरे मिसळून बनवलेला एकच फोटो पासपोर्टवर लावला, तर चेहरा ओळखणारं मशीन दोघांनाही 'हाच तो' म्हणून पास करू शकतं. डमी बसवणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. 'थोडा माझ्यासारखा, थोडा भावासारखा करा' अशी ऑर्डर आली तर ती गंमत नाही. कॉम्प्युटरच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि कोट हवा असेल तर तो सॉफ्टवेअरमध्ये चढवू नका. खुंटीला एक खरा कोट टांगून ठेवा आणि फोटो पुन्हा काढा.

दुसरी, पुरावा म्हणून जाणारा फोटो : विम्याचा क्लेम, साईटवरची हजेरी, जिओटॅग लावलेला कामाचा फोटो, इंडस्ट्रियल व्हिजिटला न जाता रिपोर्टमध्ये लावायचा ग्रुप फोटो. शेवटचं उदाहरण कुणाकुणाच्या ओळखीचं आहे ते ज्याचं त्याला ठाऊक!

तिसरी, कुणाचाही चेहरा नग्न किंवा अश्लील फोटोवर लावणं. इथे कुठलंही कारण ऐकायचं नाही. 'बायकोच आहे', 'तिने हो म्हटलंय', 'फक्त माझ्याकडेच राहील', 'मित्राला चिडवायचंय' ही सगळी कारणं काउंटरवर तपासून पाहता येत नाहीत, आणि चुकलं तर भोगायला लागतं फोटोतल्या मुलीला. एकदा बाहेर गेलेला असा फोटो परत बाटलीत घालता येत नाही. लैंगिक कृत्य उघडपणे दाखवणारा असा मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणं किंवा नुसता पाठवणं हाही कलम ६७-ए खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. स्टुडिओने फोटो बनवून गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर टाकला, की पाठवणाऱ्यात स्टुडिओही आलाच.

यात अठरा वर्षांखालचं मूल असेल तर नुसतं नाही म्हणून सुटका नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम २० मध्ये फोटो स्टुडिओचा उल्लेख स्पष्ट आहे. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारा मजकूर स्टुडिओतल्या कुणाच्याही नजरेस आला, तर त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, स्टुडिओत एकच माणूस कामाला असला तरीही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जोडून बनवलेली चित्रंही या व्याख्येत धरली जातात. अशा वेळी फाईल कॉपी करायची नाही, कुणाला दाखवायची नाही, पुढे पाठवायची नाही. जवळच्या पोलीस स्टेशनला कळवायचं.

नाही कसं म्हणायचं

काउंटरवर बहुधा एखादा विशीतला मुलगा असतो आणि गिऱ्हाईक चाळिशीचं, ओळखीचं, कधी कधी दांडगंही. त्या मुलाने स्वतःच्या हिमतीवर नाही म्हणावं ही अपेक्षा चुकीची आहे. म्हणून न घ्यायच्या कामांची यादी छापून भिंतीवर लावावी. मग त्याला एवढंच म्हणावं लागतं, "काका, हे काम आमच्याकडे होत नाही, बोर्डावर लिहिलंय." आरोप करायचा नाही, उपदेश करायचा नाही, 'मला शंका येते' असंही म्हणायचं नाही. शंकेवर वाद घालता येतो, नियमावर कमी. अॅडव्हान्स घेतला असेल तर पूर्ण परत. तारीख आणि कोणत्या प्रकारचं काम नाकारलं ते रजिस्टरमध्ये एका ओळीत लिहायचं. तेच गिऱ्हाईक संध्याकाळी दुसऱ्या पोऱ्याला गाठून 'सकाळी हो म्हणाले होते' असं सांगतं, तेव्हा ती ओळ उपयोगी पडते.

जी कामं घेतली, त्यांच्या फाईलींचाही हिशेब हवा. फोटो दिल्यावर तीस दिवसांनी मूळ आणि तयार फाईली पुसून टाकायच्या आणि तसं फॉर्मवर आधीच छापायचं. स्टुडिओच्या व्हॉट्सअॅपमधले फोटोही त्यात आले. होस्टेलवर तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिथला पीसी एकाचा आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ.

काउंटरवरचा फॉर्म

आतापर्यंतचं सगळं एका पानात बसतं. झेरॉक्स काढून वापरा :

१. फोटो कुठे लावणार किंवा कुठे देणार? साईज, प्रती, बॅकग्राऊंड, प्रिंट की सॉफ्ट कॉपी? (उत्तरं एकमेकांशी जुळतात का?)

२. चेहरा कुणाचा? हजर आहे / हजर नाही / अठराखाली / हयात नाही. सही.

३. धड कुणाचं? तो फोटो कुठून आणला? सही.

४. फोटो बघणाऱ्याला तो जोडलेला आहे हे माहीत असेल का?

५. हयात नसलेल्यासाठी : आपलं नातं काय? फोटो रोज ज्यांच्यासमोर असेल त्यांना कल्पना आहे का?

६. मूळ फोटो : प्रिंट असेल तर प्रिंटच आणा. मोबाईलवर असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

७. फोटोवर 'जोडलेले छायाचित्र' ही ओळ येईल आणि तीस दिवसांनी फाईली पुसल्या जातील, हे मान्य. सही.

आमच्याकडे होत नाही : ओळखपत्र आणि फॉर्मचे फोटो, पुराव्याचे फोटो, नग्न किंवा अश्लील काहीही, आणि हजर नसलेल्या माणसाचा चेहरा त्याला न विचारता.

शेवटी एक, ज्याचा स्टुडिओ नाही त्याच्यासाठी. तुमचा स्वतःचा किंवा मैत्रिणीचा चेहरा असा कुणी वापरलेला दिसला, तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. फोटो पुढे कुणालाही पाठवू नका, 'हे बघ काय केलंय' म्हणूनसुद्धा नाही. १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. मूल असेल तर १०९८. आणि विंगमधल्या ज्याला फोटोशॉप 'येतं' त्याला हा फॉर्म नेऊन द्या, वडापावच्या सोबत.